फरशीचे माप फोटोतल्या फरशीवर घेऊ नका

प्रश्न : गावाकडच्या घरातल्या एका खोलीची फरशी बदलायची आहे. मी बंगळुरूला असतो. घरी आई एकटीच आहे आणि तिला टेप धरून माप घेणे जमत नाही. तिने एका भिंतीला पाठ टेकवून समोरच्या भिंतीचा आडवा फोटो काढला. त्या भिंतीत दरवाजा आहे. दरवाजा ७ फूट धरला तर तो फोटोत १४०० पिक्सेल भरतो, म्हणजे फुटाला २०० पिक्सेल. त्या हिशेबाने फरशीची रुंदी भिंतीपाशी ११ फूट, फोटोच्या खालच्या कडेला १८ फूट आणि लांबी फक्त ३ फूट येते! यातले खरे काय? जमिनीवर ए-फोर कागद ठेवून दुसरा फोटो मागवला तर नेमके क्षेत्रफळ मिळेल का? (फोटो मूळ आकाराचा, ४००० × ३००० पिक्सेलचा आहे.)

उत्तर : तुमच्या तीन आकड्यांपैकी ११ फूट हा खऱ्याच्या जवळचा आहे, आणि उरलेल्या दोन आकड्यांना मोजमाप म्हणून काहीच अर्थ नाही. तुमचा भागाकार बरोबर आहे. चुकली आहे ती मापकाठी वापरण्याची जागा. मी गेली अनेक वर्षे फरशी आणि गिलाव्याच्या कामांची अंदाजपत्रके करतो, आणि अलीकडे निम्म्याहून अधिक चौकशा फोटोवरूनच येतात. त्यामुळे हा घोटाळा माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. सुरुवातीला मीही तो केलेला आहे.

दरवाजावरून काढलेले ‘फुटाला २०० पिक्सेल’ हे प्रमाण संपूर्ण फोटोचे नसून, दरवाजा ज्या भिंतीत आहे त्या भिंतीच्या प्रतलापुरतेच असते. कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर असलेल्या गोष्टींना ते लागू होते, जवळच्या गोष्टींना होत नाही. फरशी मात्र भिंतीच्या पायापासून थेट आईंच्या पायांपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे तिच्या प्रत्येक ओळीचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर वेगळे आणि म्हणून प्रत्येक ओळीचे प्रमाणही वेगळे आहे.

हे तुमच्याच आकड्यांवर पडताळता येते. फोन सरळ, म्हणजे वर किंवा खाली न झुकवता धरलेला असेल, तर फोटोची बरोबर मधली आडवी रेघ ही कॅमेऱ्याच्या उंचीची रेघ असते. ती दरवाजाला जिथे छेदते, तितक्या उंचीवर फोन होता. तुमच्या आकड्यांवरून दिसते की भिंत आणि फरशी जिथे मिळतात ती रेघ फोटोच्या खालच्या कडेपासून ६०० पिक्सेल वर आहे, कारण ३ फूट म्हणजे ६०० पिक्सेल. फोटोची निम्मी उंची १५०० पिक्सेल. तेव्हा फरशीची ही रेघ मध्यापासून ९०० पिक्सेल खाली येते, आणि फुटाला २०० या प्रमाणाने फोनची उंची साडेचार फूट ठरते. उभ्या माणसाने छातीच्या किंचित वर धरलेल्या फोनसाठी हे अगदी पटण्यासारखे आहे.

आता फोटोच्या खालच्या कडेचा विचार करा. तिथली फरशीही कॅमेऱ्याच्या साडेचार फूटच खाली आहे, पण फोटोत ती मध्यापासून १५०० पिक्सेल खाली दिसते. १५०० ला ४.५ ने भागले की त्या ओळीचे प्रमाण मिळते : फुटाला ३३३ पिक्सेल. तुमचे १८ फूट म्हणजे ३६०० पिक्सेल. त्यांना ३३३ ने भागा, उत्तर जवळजवळ ११ फूटच येते. म्हणजे तुम्हाला दिसलेले १८ फूट हे तेच ११ फूट आहेत, फक्त जवळून पाहिलेले. आणि ३ फूट लांबीचे म्हणाल, तर तिरप्या नजरेने दिसणारी फरशी इतकी दबलेली असते की त्या ६०० पिक्सेलांत प्रत्यक्षात सहा फूट फरशी सामावलेली आहे, आणि त्याच्या अलीकडची नऊ फूट फरशी फोटोत आलेलीच नाही. हे सहा आणि नऊ कुठून आले ते पुढच्या हिशेबात कळेल.

म्हणून माझी रीत अशी, की फरशीचे क्षेत्रफळ काढायचे असले तरी फोटोतल्या फरशीवर काहीही मोजायचे नाही. रुंदी समोरच्या भिंतीवर मोजायची आणि लांबी कॅमेऱ्याच्या भिंगावरून काढायची. फरशी त्या दोहोंच्या मध्ये असते, तिला आपोआप माप मिळते.

रुंदी तुम्ही काढलीच आहे. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत २२०० पिक्सेल, म्हणजे ११ फूट. इथे एक सोय लक्षात ठेवा. खालचा कोपरा कपाटामागे किंवा पलंगामागे झाकलेला असेल तर छताजवळचा कोपरा घ्या. तोही त्याच भिंतीच्या प्रतलात असल्याने प्रमाण तेच राहते, आणि छताजवळ सामान क्वचितच असते.

लांबीसाठी एक आकडा लागतो, जो प्रत्येक फोनचा आपला असतो. कोणतीही वस्तू दुप्पट लांब नेली की फोटोत निम्मी दिसते. तेव्हा ‘फुटाला किती पिक्सेल’ आणि ‘किती फूट अंतर’ यांचा गुणाकार एका फोनसाठी कायम राहतो. हा गुणाकार भिंगाच्या नाभीय अंतरावरून काढता येतो. फोटोच्या तपशिलांत पाहिले तर बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी ‘३५ मिमी फिल्मशी समतुल्य’ असे एक नाभीय अंतर दिलेले असते, आणि ते साधारण २३ ते २७ मिमीच्या दरम्यान सापडते. समजा तुमच्या आईंच्या फोनचे ते २६ मिमी आहे. जुन्या फिल्मच्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी असे, आणि तुमच्या ४००० × ३००० फोटोचा कर्ण ५००० पिक्सेल आहे. २६ भागिले ४३.३ गुणिले ५००० केले की जवळजवळ ३००० येतात. हा तुमच्या फोनचा स्थिरांक.

आता अंतर काढणे सोपे आहे. समोरच्या भिंतीवर फुटाला २०० पिक्सेल आहेत. ३००० ला २०० ने भागले की कॅमेऱ्यापासून भिंत १५ फूट. खालच्या कडेला फुटाला ३३३ होते. तिथे अंतर ९ फूट. वर म्हटलेले सहा आणि नऊ ते हेच. आता आईंची पाठ भिंतीला टेकलेली होती आणि फोन त्यांच्या पुढ्यात होता, म्हणून मागचे सव्वा फूट त्यात मिळवा. खोलीची लांबी सव्वासोळा फूट होते, आणि ११ गुणिले १६.२५ म्हणजे सुमारे १७९ चौरस फूट.

हा आकडा मी अजून कच्चा मानतो, कारण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते म्हणजे दरवाजाचे ७ फूट. इथे थोडा वेळ थांबतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोठ्या चुका पिक्सेलांच्या नसून दरवाजांच्या असतात.

शहरातल्या नव्या इमारतींत दरवाजाची चौकट ७ फुटांची किंवा २१०० मिमीची धरतात, आणि ते ढोबळमानाने खरे आहे. पण ते चौकटीचे बाहेरून बाहेर माप असते. पल्ला त्याहून बराच लहान असतो, कारण वरचा आडवा दांडा त्यातून वजा होतो. तुम्ही पल्ल्याचे पिक्सेल मोजून त्यांना ७ फूट म्हटले तर पहिलीच पायरी चुकली. शिवाय चौकट आधी बसते आणि फरशी नंतर, त्यामुळे चौकटीचा खालचा इंच-दीड इंच भाग फरशीच्या थराखाली जातो. एकदा जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकली गेली असेल तर आणखी काही. आणि गावाकडच्या जुन्या घरांत तर ७ फुटांचा काही नियमच नसतो. उंबरठा आणि गणेशपट्टी असलेल्या जुन्या चौकटी कित्येकदा इतक्या बुटक्या असतात की आत जाताना डोके वाकवावे लागते.

सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या घराचे काम मी असेच फोटोवरून धरले होते. दरवाजा ७ फूट मानला आणि खोली २०० चौरस फूट काढली. प्रत्यक्ष दरवाजा ६ फूट २ इंच निघाला आणि खोली १५५ चौरस फूट. साडेतेरा टक्क्यांची चूक क्षेत्रफळात जवळजवळ एकोणतीस टक्के झाली, कारण मापकाठी चुकली की रुंदी चुकते, त्याच प्रमाणात लांबीही चुकते, आणि त्या दोघींचा गुणाकार होतो. मी चौदा खोकी मागवली होती, लागली अकरा. उरलेली तीन खोकी बराच काळ माझ्याच गोदामात होती.

दुसरी गोष्ट जाड भिंतींची. दरवाजाची चौकट भिंतीच्या कोणत्या बाजूला टेकलेली आहे हे फोटोत नीट पाहा. नऊ इंची भिंतीत चौकट पलीकडच्या बाजूला असेल, तर तुमच्या खोलीतून ती भिंतीच्या गिलाव्यापेक्षा काही इंच मागे असते, आणि दगडी भिंतीत तर दीड फूटही मागे असू शकते. मग दरवाजाचे प्रमाण हे भिंतीचे प्रमाण राहत नाही. १५ फुटांवरच्या भिंतीत चौकट पाऊण फूट मागे असेल तर रुंदी पाच टक्क्यांनी जास्त येते, अंतरही पाच टक्क्यांनी जास्त येते, आणि क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी फुगते. ओळखण्याची खूण अशी की दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, किंवा निदान एका बाजूला, भिंतीच्या जाडीचा उभा पट्टा दिसतो. चौकट भिंतीशी सपाट असेल तर असा पट्टा दिसत नाही.

या दोन्ही अडचणींवर ए-फोर कागद हा उत्तम उतारा आहे, पण तो जमिनीवर ठेवून नव्हे. आधी जमिनीवरच्या कागदाचे काय होते ते सांगतो, कारण बरेच जण तोच मार्ग सुचवतात : कागदाचे चार कोपरे फोटोत दाखवा, आयत कसा तिरपा झाला आहे यावरून संगणक सगळ्या फरशीचा नकाशा सरळ करून देईल. गणित म्हणून हे पूर्ण बरोबर आहे. अडचण आहे ती कागदाच्या लहान आकाराची.

समजा कागद कॅमेऱ्यापासून १२ फुटांवर, लांब बाजू समोरच्या भिंतीकडे करून ठेवला आहे. कागद २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी लांब, म्हणजे लांबी एका फुटाला जेमतेम कमी. तुमच्या फोनमध्ये त्याची जवळची कड सुमारे १७२ पिक्सेल दिसेल आणि पलीकडची सुमारे १५९. खोली किती खोल आहे याची सगळी माहिती या १३ पिक्सेलांच्या फरकात दडलेली आहे. आता कोपऱ्यांवर टिचकी देताना प्रत्येक कडेला एका पिक्सेलाची चूक होऊन हा फरक १५ आला, तर कागद १२ ऐवजी १० फुटांवर असल्याचे उत्तर निघते. फरक ११ आला तर सव्वाचौदा फुटांवर. एका पिक्सेलाची चूक होणे म्हणजे हात थरथरणे सुद्धा नव्हे. पांढऱ्या कागदाची कड मुळातच दोन-तीन पिक्सेल धूसर असते. एका फुटाच्या कागदावरून सोळा फुटांच्या खोलीपर्यंत पोचताना ही चूक वाढतच जाते. कागद अगदी पायाशी ठेवून फोन खाली झुकवला तर कागद मोठा दिसतो हे खरे, पण मग समोरची भिंत आणखी दूर राहते.

तेव्हा कागद समोरच्या भिंतीवर, दरवाजाच्या शेजारी, गिलाव्यावर सपाट चिकटवायला सांगा. एकच कागद लावला तर १५ फुटांवरून तो सुमारे १९५ पिक्सेल उंच दिसेल आणि दोन पिक्सेलांच्या चुकीने एक टक्का इकडेतिकडे होईल. त्याऐवजी चार कागद एकाखाली एक, उभे, कडेला कड लावून चिकटवले, तर ती ११८८ मिमीची, म्हणजे ३.९ फुटांची पट्टी होते आणि तीच दोन पिक्सेलांची चूक पाव टक्क्यावर येते. भिंत पांढरी असेल तर सगळ्यांत वरच्या कागदाच्या वरच्या कडेला आणि सगळ्यांत खालच्या कागदाच्या खालच्या कडेला काळ्या पेनाने जाड रेघ ओढून घ्यावी, नाहीतर कड सापडत नाही. कागद फुगलेला किंवा वळलेला नको.

आणि कागद खरोखर ए-फोर आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडे घरोघरी फुलस्केप आणि लीगल आकाराचे कागदही असतात, आणि ते फोटोत वेगळे ओळखू येत नाहीत. घरबसल्या करण्याची एक परीक्षा आहे. कागदाची आखूड बाजू लांब बाजूवर येईल अशी कोपऱ्यातून तिरपी घडी घाला, जशी मुले होडीसाठी चौकोन काढताना घालतात. ए-फोरमध्ये या तिरप्या घडीची लांबी आणि कागदाची लांब बाजू बरोबर सारखी भरते. दुसऱ्या कागदाची लांब बाजू त्या घडीवर ठेवून पाहिली की लगेच कळते. फुलस्केप आणि लीगल कागदाची लांब बाजू घडीपेक्षा चांगलीच जास्त असते.

आता समजा नव्या फोटोत, आई त्याच जागी उभ्या असताना, दरवाजा पुन्हा १४०० पिक्सेल दिसला आणि कागदांची पट्टी ८०३ पिक्सेल. ८०३ भागिले ३.९ म्हणजे फुटाला सुमारे २०६ पिक्सेल. लगेच तीन गोष्टी बदलतात. दरवाजा ७ फुटांचा नसून ६ फूट साडेनऊ इंचांचा ठरतो, जे चौकटीचा खालचा भाग फरशीखाली गेल्याशी जुळते. रुंदी २२०० भागिले २०६, म्हणजे १०.७ फूट. कॅमेऱ्यापासूनचे अंतर ३००० भागिले २०६, म्हणजे १४.६ फूट, त्यात सव्वा फूट मिळवून १५.८ फूट. क्षेत्रफळ १६९ चौरस फूट. दरवाजाच्या एवढ्याशा फरकाने दहा चौरस फूट कमी झाले, हे लक्षात घ्या. दरवाजा आणि कागद यांच्यात याहून मोठा फरक आला, उदाहरणार्थ दरवाजा साडेसात फूट निघाला, तर हिशेब पुढे न नेता आधी कागदाचा आकार आणि चौकटीची जागा पुन्हा तपासावी.

फोटो स्वीकारण्यापूर्वी मी आणखी दोन गोष्टी पाहतो. पहिली, फोटो भिंतीला समोरासमोर आहे का. डाव्या कोपऱ्यातली फरशीपासून छतापर्यंतची उंची आणि उजव्या कोपऱ्यातली उंची पिक्सेलांत मोजा. तुमच्या फोटोत, छत साडेनऊ फुटांचे असेल तर, ती दोन्हीकडे १९०० च्या आसपास यायला हवी. वीस-पंचवीस पिक्सेलांचा फरक चालतो. एकीकडे १९५० आणि दुसरीकडे १८५० आली, तर फोन एका बाजूला वळलेला होता, भिंतीचे एक टोक जवळ आणि दुसरे लांब आहे, आणि दरवाजाचे प्रमाण फक्त दरवाजापुरतेच खरे आहे. अशा फोटोवर दुरुस्तीचे गणित करण्यापेक्षा दुसरा फोटो मागवणे केव्हाही सोपे. तसेच भिंतीच्या दोन्ही उभ्या कडा वर किंवा खाली एकमेकींकडे झुकत असतील, तर फोन वर किंवा खाली झुकलेला होता, आणि मग मधल्या रेघेचा हिशेबही धरता येत नाही. कॅमेऱ्यात जाळीच्या रेघा चालू करून एक उभी रेघ दरवाजाच्या चौकटीशी समांतर धरायला सांगितले की आईंना हे सहज साधेल.

दुसरी, फोटो मूळ आहे का. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातले नाभीय अंतराचे तपशील निघून जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. नुसता लहान झालेला फोटो तसा निरुपयोगी नसतो, कारण स्थिरांक त्याच प्रमाणात लहान होतो : ४००० ऐवजी १६०० पिक्सेल रुंद झाला तर ३००० ऐवजी १२०० धरावे. पण कडेने कापलेला किंवा झूम करून काढलेला फोटो लांबीसाठी वापरता येत नाही. आणि ०.५ किंवा ०.६ असे लिहिलेले रुंद भिंग तर अजिबात नको, त्यात कडेच्या सरळ रेघा वाकतात.

तुम्ही विचाराल, की भिंगाच्या स्थिरांकाच्या मागे लागण्यापेक्षा बाजूच्या लांब भिंतीवरही कागद लावून तिचाच सरळ फोटो का घेऊ नये? छोट्या खोलीत मी तेच करतो. पण तुमची खोली पावणेअकरा फूट रुंद आहे. समोरच्या लांब भिंतीकडे तोंड करून मागच्या भिंतीला टेकले तर कॅमेरा भिंतीपासून साडेनऊ फुटांवर येतो, आणि या फोनच्या आडव्या फोटोत तिथे जेमतेम पावणेतेरा फूट भिंत मावते. सोळा फुटांची भिंत एका फोटोत येणार नाही. तरी स्थिरांकाची पडताळणी म्हणून हा मार्ग उपयोगी आहे : कागदांची पट्टी लांब भिंतीच्या साधारण मध्यावर लावावी आणि दोन फोटो काढावेत, एक पट्टीपासून डाव्या कोपऱ्यापर्यंतचा, दुसरा पट्टीपासून उजव्या कोपऱ्यापर्यंतचा, दोन्ही समोरासमोर उभे राहून. दोन्ही लांब्यांची बेरीज १५.८ फुटांशी अर्ध्या फुटाच्या आत जुळली तर स्थिरांकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बेरजेत पट्टीची रुंदी दोनदा धरली जाणार नाही एवढे पाहा. दोन्ही फोटोंत तिच्या एकाच कडेपासून मोजा.

हे सगळे जुळून आले तरी या रीतीने मिळणाऱ्या क्षेत्रफळात पाच-सहा टक्क्यांची ढिलाई राहतेच. रुंदीत एक ते दीड टक्का, स्थिरांकामुळे लांबीत तीन टक्के, आणि आईंच्या पाठीपासून फोन नेमका किती पुढे होता यात तीन-चार इंच. म्हणजे १६९ याचा अर्थ १६० ते १७८ असा घ्या. शिवाय जुन्या घरांतली खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेलच असे नाही. समोरची भिंत १०.७ फूट असली तरी मागची भिंत ११ फूट असू शकते, आणि एका फोटोत ते कधीच कळत नाही. म्हणून दुसऱ्या टोकाकडूनही असाच एक फोटो घ्यावा आणि दोन रुंद्यांची सरासरी धरावी. पाणी जाण्यासाठी ठेवलेली मोरी, कोनाडा, भिंतीतून पुढे आलेला खांब हे वेगळे विचारून घ्या.

खरेदीच्या दृष्टीने सांगायचे तर ६०० × ६०० मिमीच्या चार टाइलांच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल असतो. कापणीत जाणारा माल सात टक्के धरला तर १६० चौरस फुटांना अकरा खोकी आणि किंचित वर, म्हणजे बारा खोकी लागतात, आणि १७८ ला बारा खोकी आणि वर थोडे, म्हणजे तेरा. दुकानदाराकडून दर मागवायला, दोन दुकानांची तुलना करायला आणि गवंड्याशी मजुरीचे बोलणे करायला हा आकडा पुरेसा आहे. ऑर्डर मात्र गवंडी खोली पाहायला येईल त्या दिवशी त्याच्या टेपने घेतलेल्या मापावर द्या, आणि तो आलाच आहे तर स्कर्टिंगसाठी दरवाजा सोडून भिंतींची एकूण लांबीही त्याच वेळी लिहून घ्या. एकाच बॅचची बारा खोकी बाजूला ठेवून तेराव्या खोक्याचा शब्द घेऊन ठेवता आला तर पाहा, कारण नंतर मागवलेल्या एका खोक्याची छटा पहिल्या बाराशी जुळेलच असे नाही.